परचेसच्या लेक्चरवरून स्विमलेन : आमच्या मिनी प्रोजेक्टच्या नोंदी

१२ जानेवारी, सोमवार

आज गेस्ट लेक्चर झालं. कुपवाड एमआयडीसीतल्या पंपाचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात परचेस मॅनेजर होते ते सर, आता रिटायर झालेत. विषय होता बाहेरून कास्टिंग, म्हणजे ओतीव पार्ट, मागवण्यापासून ते सप्लायरच्या खात्यावर पैसे जाईपर्यंतची पूर्ण प्रोसेस. ५२ मिनिटं बोलले, एकदाही कागदात बघितलं नाही. मी त्यांना विचारूनच मोबाईलवर रेकॉर्ड केलंय.

आम्हा तिघींना मिळालेलं काम असं की या लेक्चरची एका ए-थ्री कागदावर स्विमलेन काढायची. म्हणजे पोहण्याच्या तलावात जसे पट्टे आखलेले असतात तसे आडवे पट्टे, एकेक पट्टा एकेका जबाबदारीचा, आणि प्रत्येक काम जो करतो त्याच्याच पट्ट्यात तो चौकोन. नुसत्या फ्लोचार्टमध्ये काय होतं ते दिसतं, इथं कोण करतं ते दिसलं पाहिजे. सरांनी जाता जाता कसोटी पण सांगून ठेवली, "उद्या नवीन पोरगं कामाला लागलं आणि त्याच्या हातात मालाच्या गाडीबरोबर आलेलं चलन आलं, तर ते घेऊन कुणाच्या टेबलावर जायचं हे त्या कागदावरून कळायला पाहिजे."

बसमध्ये विश्रामबागपर्यंत येताना वाटत होतं की दोन दिवसांचं काम आहे, सर एवढं क्रमानं बोललेत, नुसते चौकोन काढत जायचं.

१३ जानेवारी, मंगळवार

रेकॉर्डिंग ऐकून उतरवून घेतलं, पाच तास गेले. मग मी फक्त क्रियापदांखाली लाल रेघा मारत गेले, कारण एक क्रियापद म्हणजे एक चौकोन असा माझा हिशोब होता. अशी कामाची वाक्यं निघाली ४१. आणि त्यातल्या २३ वाक्यांत कर्ताच नाही!

उदाहरणं लिहून ठेवते. "मग इंडेंट निघतो", म्हणजे माल हवा असल्याची मागणीची चिठ्ठी. "कोटेशन मागवली जातात." "माल उतरून घेतला जातो." "क्वालिटी होते." "बिल पास होतं." सर चुकीचं बोलले असं अजिबात नाही, आपण मराठीत कामाबद्दल असंच बोलतो, चहा होतो आणि भाकरी भाजून होते तसंच बिल पास होतं. ऐकताना काहीही अडत नाही, सगळं समजल्यासारखं वाटतं. पण चौकोन काढायला पेन्सिल टेकवली की कुठल्या पट्ट्यात टेकवायची तेच कळत नाही.

म्हणून आता पद्धत बदलली. वहीत चार खाने पाडलेत : कोण, काय करतो, कुठल्या कागदावर किंवा वस्तूवर, आणि झाल्यावर कुणाला देतो. प्रत्येक वाक्य कर्तरी करून या चार खान्यांत बसवायचं. "बिल पास होतं" असं लिहायचं नाही, "अकाउंट्सचा क्लार्क बिलावर पासचा शिक्का मारतो आणि पेमेंटच्या फाईलला लावतो" असं पूर्ण लिहायचं. जिथं पहिला खाना रिकामा राहील तिथं प्रश्नचिन्ह, आणि अंदाजानं काही भरायचं नाही. अंदाजानं भरलेला चौकोन नंतर खऱ्यासारखाच दिसतो, मग तो कुणी तपासत नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत, काम बंद.

आज एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. ज्या १८ वाक्यांत कर्ता आहे त्यातल्या ७ मध्ये तो "आपण" आहे. "आपण माल मोजून घेतो", "आपण त्यांना कळवतो", "आपण बिल अडवून धरतो". सर आयुष्यभर परचेसमध्ये होते म्हणून आम्ही धरून चाललो होतो की आपण म्हणजे परचेस. पण मोजून घेणारा स्टोअरचा माणूस असणार, बिल अडवणारं अकाउंट्स. म्हणजे या "आपण"चा अर्थ कधी परचेस, कधी अख्खी कंपनी, आणि कधी कधी फक्त "सप्लायर नाही, आम्ही" एवढाच.

हे सोडवायला मैत्रिणीनं चांगली युक्ती काढली. माणूस सापडत नसेल तर कागद शोधायचा. त्या कामातून कुठला कागद तयार होतो, त्यावर सही कुणाची असते, आणि त्याची प्रत कुणाच्या फाईलला राहते, हे सरांच्याच बोलण्यात दुसरीकडं कुठंतरी येऊन गेलेलं असतं. जसं की "आपण माल मोजून घेतो", इथं कर्ता कळत नाही, पण दहा मिनिटांनी सर म्हणतात की चलनावर स्टोअरकीपरची सही असल्याशिवाय ड्रायव्हर निघत नाही. मग मोजणारा कोण ते आलंच. अशा रीतीनं ७ पैकी ५ "आपण" सुटले आणि २३ पैकी १४ बिनकर्त्याची वाक्यं सुटली. उरलेली ११ सरांना फोन करून विचारायची.

१६ जानेवारी, शुक्रवार

पहिलं कच्चं चित्र. भिंतीवर ब्राऊन पेपर लावला, पट्टे आखले आणि चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या लावल्या. चौकोन सतत इकडून तिकडं जातात, त्यामुळं आत्ताच कॉम्प्युटरवर बसायचं नाही असं ठरवलंय.

पट्टे किती यावरून दुपार गेली. सरांनी लेक्चरमध्ये माणसांची नावं घेतली होती, तर आमच्यातल्या एकीनं नावांचेच पट्टे आखले, नऊ झाले. पण त्यातला एकजण संध्याकाळनंतर गेट पण बघायचा आणि स्टोअर पण, मग त्याचा पट्टा एक का दोन? इथं उत्तर सरळ आहे, पट्टा भूमिकेचा असतो, माणसाचा नसतो. एकच माणूस दोन भूमिका करत असेल तर पट्टे दोनच, कारण तो उद्या रजेवर गेला तर दोन वेगळे माणूस लागतील आणि गेट रजिस्टर व स्टोअरची पावती हे दोन वेगळे कागद आहेत.

शेवटी ठरलेले पट्टे : प्रॉडक्शन, परचेस, मालक, गेट, स्टोअर, क्वालिटी, अकाउंट्स. सप्लायर यात पट्टा म्हणून घ्यायचा नाही. तो आपल्या कंपनीचा नाही, त्याच्या घरात काय चालतं ते आपल्या हातात नाही, म्हणून त्याचा वर वेगळा पूल, म्हणजे दुसरा तलावच. बीपीएमएन नावाची जी आंतरराष्ट्रीय चिन्हपद्धत आहे तिच्यात हा नियम पक्का आहे, एका पूलमधल्या कामांना जोडणारा बाण सलग रेघेचा, आणि दोन पूलमध्ये जे जातं ते तुटक रेघेनं, कारण तिथं फक्त निरोप किंवा कागद जातो, हुकूम जात नाही. पीओ, म्हणजे सप्लायरला दिलेली लेखी ऑर्डर, तुटक रेघेनं वर गेली, चलन तुटक रेघेनं खाली आलं.

गेटवर वाद झाला. गेटच्या पट्ट्यात एकच चौकोन आहे, गाडीची वेळ आणि चलन नंबर रजिस्टरला लिहिणे. दोघींचं म्हणणं की एका चौकोनासाठी अख्खा पट्टा नको, तो स्टोअरमध्ये ढकलू. मी ठेवायचाच म्हणाले, कारण ते काम स्टोअर करत नाही हे आपल्याला माहितीय, आणि माहिती असून चुकीच्या पट्ट्यात लावायचं तर मग स्विमलेन कशाला काढायची. मालकाच्या पट्ट्यात पण एकच चौकोन आहे, ठरावीक रकमेवरच्या पीओवर सही, पण अख्खी प्रोसेस तिथं थांबते म्हणून त्यावर कुणी बोललं नाही. तूर्त दोन्ही पट्टे ठेवलेत.

१९ जानेवारी, सोमवार

सरांना फोन केला, पाऊण तास दिला त्यांनी. ११ पैकी १० प्रश्न सुटले, ते लगेच चिठ्ठ्यांवर लिहून लावले, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

पण एका वाक्यानं अख्खी संध्याकाळ खाल्ली. लेक्चरमधलं वाक्य असं : "क्वालिटीत बसलं नाही तर माल परत जातो." आमच्या चित्रात त्याचा एक डायमंड होता, पास की नापास, आणि नापासचा बाण सरळ सप्लायरकडं. दिसायला स्वच्छ. मी सरांना म्हणलं की एक आकड्यांचं उदाहरण घेऊन बोलूया का, तर त्यांनीच दिलं :

पीओ ५०० कास्टिंगची, एका नगाला १२० रुपये. शिरोलीच्या फाउंड्रीतून गाडी आली. चलनावर ५००, मोजले तर ४८०. क्वालिटीनं तपासले, त्यात १८ मध्ये ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवा अडकून राहिलेली भोकं. मग स्वीकारलेले ४६२. सप्लायरचं बिल मात्र आलं ५०० चं, ६०,००० रुपये, जीएसटी बाजूला ठेवून.

आता "माल परत जातो" हे वाक्य इथं लावून बघा. सगळा माल परत जात नाही, १८ जातात. ते पण लगेच जात नाहीत, गाडी केव्हाच गेलेली असते. स्टोअर ते १८ लाल टॅग लावून वेगळ्या क्रेटमध्ये ठेवतं. क्वालिटी रिजेक्शन रिपोर्ट लिहितं. परचेस सप्लायरला कळवतं आणि ठरवतं की उरलेले ३८ नग याच पीओवर परत घ्यायचे की पीओ तिथंच शॉर्ट क्लोज करायची, म्हणजे उरलेले नग न घेता बंद. पुढची गाडी आली की स्टोअर ते १८ परतीच्या चलनावर चढवतं. आणि अकाउंट्स ४६२ चे ५५,४४० रुपयेच देणं लावतं, ४,५६० ची डेबिट नोट, म्हणजे एवढे पैसे बिलातून कापल्याची चिठ्ठी, काढतं, त्यातले २,४०० कमी आलेल्या २० नगांचे आणि २,१६० रिजेक्ट झालेल्या १८ चे.

तीन शब्दांच्या मागं चार पट्टे आणि सहा चौकोन निघाले. आणि कमी आलेले २० तर आमच्या चित्रात कुठंच नव्हते, कारण तो क्वालिटीचा प्रश्नच नाही, तो स्टोअरच्या मोजणीचा आहे, म्हणजे डायमंड एक नाही, दोन पाहिजेत, पहिला स्टोअरमध्ये आणि दुसरा क्वालिटीमध्ये.

डायमंडबद्दल अजून एक. डायमंड स्वतः काही ठरवत नाही, तो फक्त रस्ता फुटतो ती जागा. ठरवणाऱ्याचा चौकोन त्याच्या आधी पाहिजे आणि डायमंड त्याच्याच पट्ट्यात पाहिजे. आमचा "पीओ चालू ठेवायची का" हा डायमंड क्वालिटीच्या पट्ट्यात लागला होता, का तर तो रिजेक्शनच्या जवळ येतो म्हणून. म्हणजे कागदावर आम्ही क्वालिटीला असा निर्णय देऊन बसलो होतो जो तिच्या हातातच नाही. तो परचेसमध्ये हलवला.

२१ जानेवारी, बुधवार

माझा चुलतभाऊ कुपवाडच्याच दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये आहे, त्याच्या ओळखीनं आज तिथलं स्टोअर बघायला मिळालं. स्टोअरचे काका साठीचे असतील. मी विचारलं, "काका, रिजेक्ट माल आला की तुम्ही नक्की काय करता?" तर तोंडी काही न सांगता त्यांनी फाईल काढली आणि एक चलन माझ्या पुढ्यात ठेवलं. "माझं नको ऐकू पोरी, ह्ये बघ. ह्यात समदं हाय."

चलनाचा गुलाबी कागद, कोपऱ्याला तेलाचं बोट उमटलेलं. छापील आकड्यावर पेन्सिलनं छोटी खूण, ती मोजणी झाल्याची. आकडा जुळला नाही तिथं छापील आकड्याला निळ्या पेनानं गोल आणि शेजारी खरा आकडा, खाली सही, आणि ड्रायव्हरची पण सही. मागच्या बाजूला क्रेटप्रमाणे बेरीज, ४०, ४०, ४०, शेवटी ३२. वरच्या उजव्या कोपऱ्यात गेटचा शिक्का, त्यात वेळ. आणि क्वालिटीचा शिक्का या कागदावर नाहीच, तो जीआरएनवर आहे, म्हणजे माल मिळाल्याची जी पावती स्टोअर बनवतं तिच्यावर. एका कागदावर तीन भूमिकांचे हात ओळखू येतात, आणि चौथा कुठं लागतो ते पण.

तिथं दोन गोष्टी कळल्या.

एक म्हणजे जीआरएन कधी बनते. काकांकडं गाडी खाली झाली की लगेच बनते, माल "क्वालिटी होल्ड"वर राहतो आणि तपासणीनंतर तीच जीआरएन पक्की होते. सरांच्या लेक्चरमध्ये आधी तपासणी आणि मग जीआरएन. दोन्ही पद्धती चालतात. मला एकदम वाटलं की काकांची पद्धत जास्त बरी आहे, चित्रात तीच घालू. पण नाही, आमचं चित्र सरांच्या कारखान्याचं आहे. दोन कारखान्यांचे तुकडे जोडून जे चित्र होईल ते कुठल्याच कारखान्यात चालत नसेल, आणि बघणाऱ्याला ते कळणार पण नाही. वहीत फरक लिहून ठेवला, चित्र सरांचंच.

दुसरी गोष्ट जास्त मोठी. काकांच्या रिजेक्शन रिपोर्टला तीन प्रती. पांढरी क्वालिटीकडं, पिवळी परचेसला, हिरवी अकाउंट्सला. घरी येऊन आमच्या ब्राऊन पेपरपुढं उभी राहिले तर अकाउंट्सच्या "पीओ, जीआरएन आणि बिल जुळवणे" या चौकोनात येणारे बाण मोजले. पीओ परचेसकडून येते, बाण आहे. बिल सप्लायरकडून, तुटक रेघ आहे. जीआरएन स्टोअरकडून, आहे. पण १८ रिजेक्ट झाले हे अकाउंट्सला कोण सांगतं? आमच्या चित्रात कुणीच नाही! रिपोर्ट क्वालिटीकडून परचेसला जातो आणि तिथंच थांबतो. म्हणजे आमच्या कागदाप्रमाणे चाललं तर अकाउंट्सच्या हातात ४८० ची पावती आणि ५०० चं बिल, ते २० चे पैसे कापतील आणि १८ चे देऊन टाकतील.

रात्री सरांना मेसेज टाकला की जीआरएनवर नेमका कुठला आकडा असतो, आलेला का स्वीकारलेला. त्यांचं उत्तर, "दोन्ही. रिसीव्हड आणि ॲक्सेप्टेड असे दोन कॉलम असतात. आमच्याकडे तपासणी आधी म्हणून रिपोर्ट वेगळा अकाउंट्सला जात नव्हता, जीआरएनच पुरेशी." म्हणजे सरांच्या पद्धतीत वेगळा बाण लागतच नाही, पण मग क्वालिटीकडून स्टोअरकडं स्वीकारलेला आकडा परत आला पाहिजे आणि त्यानंतरच जीआरएनचा चौकोन. आमच्याकडं स्टोअर मोजणीनंतर लगेच जीआरएन बनवून मोकळं होत होतं. तो चौकोन उजवीकडं सरकवला, क्वालिटीहून स्टोअरला बाण लावला, मग जुळलं.

यावरून तपासायची रीत ठरवली. चित्र डावीकडून उजवीकडं वाचलं की सगळं बरोबरच वाटतं, कारण आपणच काढलेलं असतं. म्हणून शेवटच्या चौकोनापासून उलटं यायचं आणि प्रत्येक चौकोनाला एकच विचारायचं, या माणसाला हे काम करायला जी माहिती लागते ती त्याच्या टेबलावर आली कुठून. बाण सापडला नाही की एक तर बाण राहिलाय किंवा चौकोन चुकीच्या जागी आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज कॉम्प्युटरवर. आधी PlantUML मध्ये लिहून बघितलं, कारण तिथं मजकूर टाईप केला की पट्टे आपोआप पडतात आणि चौकोन हलवायला माऊस लागत नाही. तपासणीचा तुकडा असा :

```
@startuml
|स्टोअर|
start
:नग मोजून चलनावर आकडा लिहिणे;
|क्वालिटी|
:नग तपासून स्वीकारलेला आकडा देणे;
|स्टोअर|
:जीआरएन बनवणे;
|अकाउंट्स|
:पीओ, जीआरएन, बिल जुळवणे;
stop
@enduml
```

शब्द नीट आहेत का ते बघायला हे फार सोयीचं. पट्टा बदलला की तो वर लिहावा लागतो, नाही लिहिला तर चौकोन आधीच्याच पट्ट्यात पडतो, म्हणजे कर्ता विसरला की चित्रात लगेच दिसतं. पण इथं पट्टे उभे पडतात आणि सप्लायरचा वेगळा पूल व त्याच्याकडं जाणाऱ्या-येणाऱ्या निरोपाच्या रेघा यात बसत नाहीत, म्हणून शेवटचं चित्र draw.io मध्येच हातानं काढलं.

पट्ट्यांचा क्रम पण बदलला. आधी कंपनीतल्या मानाप्रमाणे लावले होते, मालक सगळ्यात वर. त्यामुळं स्टोअर खाली, क्वालिटी मध्ये आणि बाण तीन-तीन पट्टे ओलांडून एकमेकांना छेदत होते, १३ ठिकाणी. मग ज्यांची एकमेकांत जास्त देवाणघेवाण ते शेजारी आणले : मालक, प्रॉडक्शन, परचेस, अकाउंट्स, स्टोअर, क्वालिटी, गेट. छेद उरले ४. मालकाचा बाण अजून प्रॉडक्शन ओलांडतो पण तो एकदाच जातो-येतो.

२४ जानेवारी, शनिवार

उरलेला अकरावा प्रश्न हा होता : "४५ दिवसांत पैसे जातात." कुठून ४५?

हा नियम एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यातला, २००६ चा. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर लेखी करारात कितीही दिवस लिहा, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, आणि करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. छोटी फाउंड्री यात बसते. आणि स्वीकारल्याचा दिवस म्हणजे क्वालिटीनं पास केलं तो दिवस असं आम्ही धरलं होतं, ते चूक. कायद्यात तो माल प्रत्यक्ष पोचल्याचा दिवस आहे. खरेदीदारानं १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली असेल तरच तो पुढं जातो, सप्लायरनं हरकत दूर केली त्या दिवसापर्यंत. लेखी काही कळवलं नाही तर माल पोचला तो दिवसच धरला जातो.

म्हणजे घड्याळ क्वालिटीत सुरू होत नाही, गेटवर सुरू होतं! तो एक चौकोनाचा पट्टा, त्या शिक्क्यातली वेळ. आता गेटच्या पट्ट्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

आणि दुसरं, परचेस सप्लायरला "कळवतं" हा जो चौकोन होता तो फोनवर कळवला तरी चालेल असं आम्ही धरलं होतं. आता चौकोनाचं नाव बदलून "रिजेक्शन लेखी कळवणे" केलं आणि त्यावर टायमरचं चिन्ह लावलं, गेट एन्ट्रीपासून १५ दिवस. पेमेंटच्या चौकोनाच्या आधी दुसरा टायमर, कमाल ४५ दिवस. नुसतं थांबण्यासाठी वेगळा चौकोन काढायचा नाही, कारण थांबणं हे कुणाचं काम नाही, त्याला कर्ता नाही, तिथं घड्याळाचंच चिन्ह येतं.

२७ जानेवारी, मंगळवार

सरांना दाखवायच्या आधी वर्गात वाचून बघितलं. सात जणींना एकेक पट्टा दिला, आठवी सप्लायर झाली, आणि ५०० कास्टिंगची तीच केस चालवली. नियम एवढाच की आपल्याकडं बाण आला की आपला चौकोन मोठ्यानं वाचायचा आणि ज्याच्याकडं बाण जातो तिला चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी हातात नसताना बोलायचं नाही.

इंडेंटपासून जीआरएनपर्यंत छान चाललं. अकाउंट्सनं तीन कागद जुळवले, ४,५६० चा फरक काढला, डेबिट नोट वाचली, आणि मग शांतता. सप्लायर झालेली मैत्रीण म्हणाली, "मला कुणी दिलीच नाही." खरंच, डेबिट नोटचा चौकोन होता पण तिथून सप्लायरच्या पूलकडं तुटक रेघ नव्हती. सप्लायरला ५५,४४० मिळाले असते आणि कमी का मिळाले ते कळलंच नसतं. उलटं वाचताना हे सापडलं नाही, कारण तेव्हा आपण फक्त आत येणारे बाण बघतो, बाहेर जायला हवे होते ते बघत नाही. रेघ जागेवरच पेननं ओढली.

दुपारी सर आले. चष्मा वर करून कागदावर बोट फिरवत गेले, बोट आधी गेटवर गेलं आणि तिथून टायमरवर. मग लाल क्रेटपाशी थांबले. "हे १८ नग सप्लायरनं नेलेच नाहीत तर?" आमच्याकडं उत्तर नव्हतं. ते म्हणाले की त्यांच्याकडं परचेस पत्र पाठवायचं, आणि त्यातल्या मुदतीत उचलले नाहीत तर मालकाच्या सहीनं भंगारात. म्हणजे मालकाच्या पट्ट्यात दुसरा चौकोन आला.

तो घातला, स्टोअरहून परचेस, परचेसहून मालक, मालकाहून परत स्टोअर असे तीन बाण वाढले, छेद ४ चे ६ झाले. ए-थ्रीवर अजून बसतंय. फाईल `parchase_swimlane_v7.drawio` नावानं ठेवलीय, प्रिंट उद्या मार्केट यार्डजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून.